प्रत्येक वर्षाला त्याचा स्वतःचा दर

2021च्या मार्चअखेरीस केंद्र सरकार 91 दिवसांच्या ट्रेझरी बिलावर साधारण 3.3 टक्के दराने पैसे उचलत होतं. त्याच दिवसांत दहा वर्षांच्या रोख्यावर मात्र त्याला 6.2 टक्क्यांच्या आसपास व्याज मोजावं लागत होतं. कर्ज घेणारा एकच, पैसे बुडण्याची भीती दोन्हीकडे सारखीच नगण्य, बाजारही तोच. फरक फक्त मुदतीचा आणि त्या फरकाची किंमत जवळपास तीन टक्के.

मुदत आडव्या अक्षावर आणि दर उभ्या अक्षावर मांडला की जी रेघ उमटते तिला यील्ड कर्व्ह म्हणतात. 2021मध्ये ही रेघ घाटासारखी चढत गेलेली होती. पुढे मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर नेला. अल्प मुदतीचे दर झपाट्याने वर आले, लांबचे तेवढे हलले नाहीत. 2023च्या वसंतात वर्षभराचं बिल आणि दहा वर्षांचा रोखा दोन्ही सव्वासात टक्क्यांच्या आगेमागे होते. रेघ जवळपास सपाट झाली होती. त्याच महिन्यांत अमेरिकेत ती उलटी झुकली होती: मार्च 2023मध्ये दोन वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर पाच टक्क्यांच्या वर गेला, तर दहा वर्षांचा चारच्या आसपास राहिला.

पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढताना या रेघेचा आकार विचारात घ्यावाच लागतो. रेघ सपाट असेल तर एका दराने काम भागतं. ती चढती किंवा उतरती असेल तर पहिल्या वर्षी मिळणाऱ्या रुपयाला एक दर आणि तिसऱ्या वर्षी मिळणाऱ्या रुपयाला दुसरा दर लावावा लागतो. तसं केलं नाही, तर दोन प्रस्तावांपैकी कमी किमतीचा प्रस्ताव चढ्या किमतीचा भासू शकतो. हे कसं घडतं, ते एका उदाहरणातून पाहता येईल.

मुंबईत जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात विकासक सभासदांना नव्या घराखेरीज कॉर्पस म्हणून रोख रक्कमही देतो. समजा, एका सोसायटीपुढे दोन पर्याय आले. पहिला पर्याय असा की, प्रत्येक सभासदाला पुढची तीन वर्षं दर वर्षअखेरीस 4 लाख रुपये, म्हणजे एकूण 12 लाख मिळतील. दुसऱ्यात मधे काहीच नाही, तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एकरकमी 12 लाख 80 हजार. विकासक बुडेल ही भीती तूर्त बाजूला ठेवू आणि दोन्ही देणी सरकारी रोख्याइतकी पक्की मानू. त्या जोखमीकडे पुढे वळूच.

तुलना करायची तर दोन्ही पर्याय आजच्या रुपयांत आणले पाहिजेत. तो हिशेब सोपा आहे. आज 100 रुपये वर्षभरासाठी 4 टक्क्यांनी गुंतवले तर 104 होतात. म्हणून वर्षानंतरच्या 104 रुपयांची आजची किंमत 100. पुढच्या रकमेला व्याजाच्या पटीने भागलं की आजचं मूल्य मिळतं आणि भागताना जो दर वापरला तो वटाव दर. प्रश्न इतकाच, की तो कोणता घ्यायचा.

आकडे सुटसुटीत राहावेत म्हणून बाजारात तीनच सरकारी रोखे आहेत असं धरू. तिन्ही आज 100 रुपयांना मिळतात. एक वर्षाचा 4 टक्के व्याज देतो, दोन वर्षांचा 5 टक्के आणि तीन वर्षांचा 6 टक्के. प्रत्यक्षात भारत सरकारचे रोखे सहामाही व्याज देतात. इथे ते वार्षिक मानलं आहे. तत्त्वात त्याने फरक पडत नाही.

सोसायटीच्या हिशेबनिसाने काय केलं असतं? पैसे तीन वर्षांत येणार, तेव्हा तीन वर्षांचा दर घ्यावा, असा विचार करून त्याने एक्सेलमध्ये हे सूत्र लिहिलं असतं:

```
=NPV(6%,400000,400000,400000)
```

उत्तर येतं सुमारे 10,69,200 रुपये. दुसऱ्या पर्यायातले 12,80,000 याच 6 टक्क्यांनी तीन वर्षं मागे आणले तर 10,74,700 होतात. म्हणजे एकरकमी पर्याय साडेपाच हजारांनी सरस, आणि सभेत बहुधा त्याच्याच बाजूने हात वर होतील.

हिशेबात चुकलं कुठे, ते पहिल्या हप्त्यात दिसतं. वर्षानंतर मिळणाऱ्या 4 लाखांवर इथे 6 टक्के कापले गेले. पण वर्षभरासाठी पक्की गुंतवणूक केली तर बाजार 4 टक्केच देतो आहे. वर्षअखेरीस 4 लाख हाती यायला हवे असतील तर आज 3,84,600 रुपये गुंतवावे लागतात. 6 टक्क्यांचा हिशेब सांगतो 3,77,400. एवढ्या पैशात ते 4 लाख कुठेही विकत मिळत नाहीत. हप्ता आहे त्यापेक्षा सात हजारांनी स्वस्त दाखवला गेला.

मग दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा दर कोणता? इथे एक बारकावा आहे आणि सारा विषय त्याच्याभोवती फिरतो. दोन वर्षांचा रोखा 5 टक्के देतो म्हणून दुसऱ्या वर्षाच्या रुपयाचा दर नेमका 5 टक्के ठरत नाही. कारण त्या रोख्यातली काही रक्कम पहिल्याच वर्षी व्याज म्हणून परत येते. त्याचे 5 टक्के ही पहिल्या वर्षाच्या पाच रुपयांची आणि दुसऱ्या वर्षाच्या 105 रुपयांची मिळून सरासरी आहे. लहानमोठ्या हापूसच्या पेटीचा भाव डझनाला अमुक असा सांगितला, म्हणून त्यातला सर्वात मोठा आंबा वेगळा काढून त्याच भावाने कोणी देत नाही, तसंच हे.

सरासरीतून एकेका वर्षाची किंमत सोडवायची रीत पायरीपायरीची आहे. एक वर्षाच्या रोख्यात एकच देणं असल्यामुळे तिथे गुंता नाही: वर्षानंतरच्या एका रुपयाची आजची किंमत 1 भागिले 1.04, म्हणजे 96.15 पैसे. आता दोन वर्षांचा रोखा घ्या. त्यातल्या पहिल्या पाच रुपयांची किंमत आपल्याला आता कळली आहे, 4.81 रुपये. रोखा 100 ला मिळतो, म्हणजे उरलेले 95.19 रुपये ही दुसऱ्या वर्षाच्या 105 रुपयांची किंमत. भागाकार केला की दोन वर्षांनंतरच्या एका रुपयाची किंमत मिळते: 90.66 पैसे. वार्षिक दरात ते 5.03 टक्के बसतात. तीन वर्षांच्या रोख्यातून पहिल्या दोन व्याजांची किंमत, 11.21 रुपये, अशीच वजा केली की 106 रुपयांसाठी 88.79 उरतात, म्हणजे तीन वर्षांनंतरचा रुपया आज 83.77 पैशांचा आणि त्याचा दर 6.08 टक्के.

बाँडच्या व्यवहारातले लोक या पायऱ्यांना बूटस्ट्रॅपिंग म्हणतात. 4, 5.03 आणि 6.08 हे त्यातून निघालेले स्पॉट रेट. मधे काहीही न मिळता एकदाच, ठरलेल्या तारखेला मिळणाऱ्या पैशाचा हा दर असतो. म्हणून तो तारखेचा दर आहे. रोख्याचा परतावा मात्र त्या रोख्यापुरता असतो.

आता दोन्ही पर्याय पुन्हा मोजू. पहिला हप्ता 3,84,600, दुसरा 3,62,600, तिसरा 3,35,100. बेरीज 10,82,300 रुपये. एकरकमी 12,80,000 ला 83.77 पैशांच्या भावाने गुणलं तर 10,72,200. निकाल उलटला. हप्त्यांचा पर्याय दहा हजारांनी सरस ठरतो, आणि हप्त्यांनुसार तीन वेगळे दर लावण्यापलीकडे काहीही बदललेलं नाही.

एक्सेलचं NPV हे सूत्र एकच दर स्वीकारतं, आणि तारखा घेणारं XNPV सुद्धा. साधनातच एक दर गृहीत असल्यामुळे ही चूक सवयीने होत राहते. उपाय अवघड नाही. एका रकान्यात वर्ष, दुसऱ्यात रक्कम, तिसऱ्यात त्या वर्षाचा स्पॉट रेट लिहायचा आणि प्रत्येक ओळीचं मूल्य स्वतंत्र काढून शेवटी बेरीज करायची:

```
=B2/(1+C2)^A2
```

एक दर वापरणारा म्हणेल की तीन टक्क्यांऐवजी एकच घेतला, थोडं इकडेतिकडे होणारच. पण बाजारात असं थोडं इकडेतिकडे टिकत नाही, कारण त्यावर कमाई करता येते. व्याज देणारा रोखा सोलून त्यातलं प्रत्येक व्याज आणि शेवटची मुद्दल वेगवेगळी विकता येते. अमेरिकेत 1982मध्ये मेरिल लिंचने सरकारी रोखे विकत घेऊन त्यांच्या एकेका देण्यावर स्वतःच्या पावत्या काढून विकायला सुरुवात केली. त्यांचं नाव टायगर्स. मग सालोमन ब्रदर्सच्या कॅट्स आल्या. 1985मध्ये खुद्द अमेरिकी सरकारनेच स्ट्रिप्स या नावाने ही सोय अधिकृत केली. भारतात रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2010 पासून सरकारी रोख्यांच्या स्ट्रिप्सना परवानगी दिली. सोललेले तुकडे पुन्हा एकत्र जोडून मूळ रोखा बनवण्याची मुभाही त्यातच आहे.

या सोयीचा परिणाम आपल्या उदाहरणात पाहा. एखाद्या संस्थेने 100 कोटींच्या तीन वर्षांच्या रोख्यातलं पहिल्या वर्षाचं 6 कोटींचं व्याज 6 टक्के कापून विकायला काढलं. किंमत येईल 5 कोटी 66 लाख. दुसरी संस्था ते घेईल आणि वर्षभराच्या चालू दराने, म्हणजे 4 टक्क्यांनी, 5 कोटी 77 लाखांना विकेल. जवळपास 11 लाख रुपये, कोणतीही जोखीम न घेता. असे व्यवहार करणारे लोक टपलेले असल्यामुळे प्रत्येक तुकड्याची किंमत आपापल्या तारखेच्या दराला येऊन चिकटते. उलट दिशेनेही तेच. तुकडे एकत्र घेऊन रोखा बांधणं स्वस्त पडत असेल तर कोणीतरी तसा बांधून विकतो. खरेदी-विक्रीचा थोडाफार खर्च वगळला तर रोख्याची किंमत आणि तुकड्यांची बेरीज फार काळ वेगळी राहू शकत नाही.

तीन स्पॉट रेट हाती आले की त्यातून आणखी एक गोष्ट वाचता येते. तीन वर्षांनंतरचा रुपया 83.77 पैशांचा आणि दोन वर्षांनंतरचा 90.66 पैशांचा. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या शेवटापासून तिसऱ्याच्या शेवटापर्यंत, त्या एकाच वर्षासाठी, बाजार 8.23 टक्के दर देतो आहे. हा फॉरवर्ड रेट. पहिल्या वर्षाचा 4, दुसऱ्याचा 6.06, तिसऱ्याचा 8.23. त्यांची साखळी केली, 1.04 गुणिले 1.0606 गुणिले 1.0823, की तीन वर्षांची एकूण वाढ 1.1938 पट येते आणि 6.08 टक्क्यांनी तीन वर्षं चक्रवाढ केली तरी तेवढीच.

म्हणून वेगवेगळ्या वर्षांना वेगवेगळा दर लावण्याच्या दोन बरोबर रीती आहेत. एक म्हणजे प्रत्येक रकमेला तिच्या तारखेचा स्पॉट रेट, पूर्ण मुदतीसाठी. दुसरी म्हणजे प्रत्येक वर्षातून मागे येताना त्या वर्षाचा फॉरवर्ड रेट. दोन्हींचं उत्तर एकच येतं. घोळ होतो तो त्यांची सरमिसळ केल्यावर. तिसऱ्या वर्षाचा दर 8.23 टक्के असं वाचून कोणी 12,80,000 रुपये तिन्ही वर्षं 8.23 टक्क्यांनी मागे आणले, तर उत्तर येतं 10,09,600. खऱ्या किमतीपेक्षा 62 हजारांहून कमी. तक्त्यात दर वर्षासमोर एकेक आकडा लिहिलेला असतो, पण तो त्या वर्षापर्यंतचा दर आहे की फक्त त्या वर्षापुरता, हे आधी पाहावं लागतं.

फॉरवर्ड रेटला भविष्यवाणी समजण्याचीही एक चूक होते. दोन वर्षांनी व्याजदर 8.23 टक्के होतील असं बाजार म्हणत नाही. लांब मुदतीला पैसे अडकवणारा मधल्या काळातल्या अनिश्चिततेचा मोबदला मागतो आणि तोही या आकड्यात मिसळलेला असतो. फॉरवर्ड रेटचा अर्थ एवढाच, की आजच्या किमतींवर रोख्यांची योग्य खरेदी-विक्री करून तो दर आज पक्का करता येतो. आजचं मूल्य काढायला हेच पुरेसं आहे, कारण आपल्याला उद्याच्या दरांचा अंदाज बांधायचा नसून उद्याच्या पैशाची आजची किंमत हवी आहे.

आता विकासकाच्या जोखमीकडे. विकासक म्हणजे सरकार नव्हे. त्याच्या देण्याला सरकारी दर लावणं म्हणजे तो पैसे देईलच असं मानणं. बाजारात अशा देण्याला सरकारी दरावर भर घालून मोजतात. समजा, प्रत्येक वर्षाच्या स्पॉट रेटवर 5 टक्क्यांची भर घातली. दर झाले 9, 10.03 आणि 11.08. हप्त्यांच्या पर्यायाचं मूल्य येतं 9,89,200 आणि एकरकमी पर्यायाचं 9,33,800. अंतर दहा हजारांवरून 55 हजारांवर गेलं. सगळा पैसा तीन वर्षं दुसऱ्याच्या हाती ठेवण्याची किंमत इथे उघडी पडते. लक्षात ठेवायचं ते हे, की जोखमीची भर वक्ररेषेच्या वर चढवायची असते. ती रेषा टाकून देऊन एकच गोल आकडा घेणं हा तिचा पर्याय नाही.

हाच प्रश्न नोकरदारांच्या पैशाबाबत फार मोठ्या प्रमाणात उभा राहतो. अमेरिकेत अनेक कंपन्या निवृत्त होणाऱ्याला आयुष्यभराची मासिक पेन्शन किंवा तिच्या बदल्यात एकरकमी पैसे असा पर्याय देतात. एकरकमी रक्कम किमान किती असावी याचा हिशेब कायद्याने ठरवून दिलेला आहे. पूर्वी तो 30 वर्षांच्या सरकारी रोख्याच्या एकाच दराने व्हायचा. 2006च्या पेन्शन प्रोटेक्शन कायद्याने ते बदललं आणि 2008 पासून टप्प्याटप्प्याने तीन दर लागू झाले: पहिल्या पाच वर्षांतल्या देण्यांना एक, त्यापुढच्या पंधरा वर्षांतल्या देण्यांना दुसरा आणि वीस वर्षांनंतरच्या देण्यांना तिसरा. हे दर चांगल्या पतीच्या कंपन्यांच्या रोख्यांवरून काढले जातात. कायद्याने इथे वक्ररेषेचे तीन पायऱ्यांमध्ये तुकडे केले आहेत. रेषा चढती असताना 65 वर्षांच्या माणसाला पुढच्या पाच वर्षांत मिळणाऱ्या पेन्शनवर कमी दराची कापणी होते आणि त्याच्या हाती येणाऱ्या रकमेत तो फरक दिसतो. 2022मध्ये तिन्ही दर चढले, तेव्हा तेवढ्याच मासिक पेन्शनच्या बदल्यात मिळणारी एकरकमी रक्कम मोठ्या प्रमाणात घटली.

भारतात याच्याशी सर्वात जवळचं उदाहरण ग्रॅच्युइटीचं. कंपनीला पुढे कधीतरी द्यावी लागणारी ग्रॅच्युइटी आजच्या ताळेबंदात दाखवावी लागते. इंड एएस 19 हे लेखा मानक सांगतं की तिच्यासाठीचा वटाव दर सरकारी रोख्यांच्या परताव्यावरून घ्यावा आणि रोख्यांची मुदत देण्यांच्या मुदतीशी जुळावी. एकच दर वापरायला मानक मनाई करत नाही. मात्र तो देण्यांची वेळ आणि रक्कम दाखवणारी भारित सरासरी असायला हवा.

ही अट आपल्या उदाहरणातून चांगली समजते. 10,82,300 हे हप्त्यांचं खरं मूल्य एकाच दराने काढायचं ठरवलं तर तो दर 5.34 टक्के येतो. एकरकमी पर्यायाचा 6.08. बाजार तोच, दिवस तोच, दोन्हींची मुदत तीन वर्षांची, तरी एकेरी दर दोन. ज्यांचे पैसे लवकर मिळतात त्यांना रेषेच्या सुरुवातीचा भाग जास्त लागू होतो. म्हणून एकच दर चालतो, पण तो आधी वर्षनिहाय हिशेब करून त्यातून काढलेला असला तर. एका रकमेच्या पुंजक्यासाठी काढलेला दर दुसरीवर डकवता येत नाही.

ज्या कंपनीत माणसं पाच-सात वर्षांत नोकरी बदलतात तिथे ग्रॅच्युइटीची देणी जवळच्या वर्षांत दाटलेली असतात. जिथे कामगार निवृत्त होईपर्यंत टिकतात त्या जुन्या कारखान्यात ती दूरवर पसरतात. दोघांनी दहा वर्षांच्या रोख्याचा दर घेतला तर चढत्या रेषेच्या काळात पहिल्या कंपनीचं देणं कागदावर आहे त्याहून लहान दिसेल. वार्षिक अहवालात हे तपासता येतं. कर्मचारी लाभांच्या टिपेत वटाव दर दिलेला असतो आणि तिथेच देण्यांची सरासरी मुदतही. सरासरी मुदत चार वर्षं असेल आणि दर दहा वर्षांच्या रोख्याशी जुळत असेल, तर भागधारकाने किंवा लेखापरीक्षकाने विचारावं असा तो मुद्दा आहे.

रेषा उतरती असेल तर चुकीची दिशा बदलते. मार्च 2023च्या अमेरिकेत पुढच्या दोन वर्षांत मिळायच्या पैशावर दहा वर्षांचा, चारच्या आसपासचा दर लावणाऱ्याने त्याची किंमत आहे त्यापेक्षा फुगवून दाखवली असती, कारण तेव्हा जवळच्या पैशाचा दर पाच टक्क्यांच्या वर होता. आणि 2023च्या भारतासारखी रेघ सपाट असेल तर एका दराने आणि अनेक दरांनी येणारी उत्तरं इतकी जवळ येतात की वेगळा हिशेब करण्याने फारसं हाती लागत नाही. म्हणून हिशेब करण्याआधी त्या दिवशीची रेषा पाहायची. एक वर्षाच्या आणि दहा वर्षांच्या दरात पाव टक्क्याचं अंतर असेल तर एक दर पुरे. दोन-तीन टक्क्यांचं असेल तर नाही.

दर मिळवायचे कुठून, याचं उत्तर मुंबईतच आहे. फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था सरकारी रोख्यांच्या किमती आणि वेगवेगळ्या मुदतींचे दर रोज जाहीर करते. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाही झीरो कूपन यील्ड कर्व्ह काढते. झीरो कूपन म्हणजे मधे व्याज न देणारा, आणि म्हणून ही स्पॉट रेटचीच रेषा. बाजारात प्रत्येक वर्षाचा रोखा रोज विकला जात नाही, काही मुदतींमध्ये दिवसचे दिवस व्यवहार होत नाहीत. अशा रिकाम्या जागा भरायला नेल्सन आणि सीगल यांनी 1987मध्ये मांडलेलं आणि स्वेन्सन यांनी 1994मध्ये वाढवलेलं गणिती सूत्र जगभर वापरलं जातं. ते सौद्यांच्या ठिपक्यांमधून एक गुळगुळीत रेषा काढतं.

या रीतीची मर्यादा दूरच्या टोकाला आहे. भारत सरकारने 50 वर्षांचा रोखा पहिल्यांदा विकला तो नोव्हेंबर 2023मध्ये, 7.46 टक्क्यांनी. त्याआधी चाळीस वर्षांपलीकडच्या दराला बाजारात आधारच नव्हता, आणि आजही त्या टोकाला विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधी यांच्याखेरीज फारसं गिऱ्हाईक नाही. मोजक्या सौद्यांवरून निघालेला दर एखाद्या मोठ्या खरेदीनेही हलतो. युरोपने विमा कंपन्यांसाठी यावर नियमच केला. 2016पासून लागू असलेल्या सॉल्व्हन्सी दोन या व्यवस्थेत युरोच्या वीस वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी बाजाराचे दर घेतले गेले आणि त्यापुढची रेषा एका ठरवून दिलेल्या अंतिम फॉरवर्ड दराकडे नेली गेली. सुरुवातीला तो 4.2 टक्के होता. म्हणजे वीस वर्षांनंतरचा दर हा अंशतः नियामकाचा निर्णय होता. आयुर्विमा किंवा धरणासारख्या पन्नास वर्षांच्या हिशेबात शेवटच्या वर्षांचे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं: तिथे दशांशापुढचे अंक अचूकतेचा नुसता भास देतात.

आपण काढलेले दर बरोबर आहेत का, याची एक साधी कसोटी आहे. ज्या रोख्यांवरून ते काढले तेच रोखे त्या दरांनी पुन्हा मोजायचे. आपल्या तीन वर्षांच्या रोख्याचे पहिले 6 रुपये 96.15 पैशांच्या भावाने 5.77, दुसरे 6 रुपये 90.66 च्या भावाने 5.44 आणि शेवटचे 106 रुपये 83.77 च्या भावाने 88.79. बेरीज 100. बाजारातली किंमत परत आली. ती येत नसेल तर कुठेतरी रोख्याचा सरासरी परतावाच स्पॉट रेट म्हणून घेतला गेला आहे, किंवा सहामाही दर वार्षिक समजला गेला आहे. सरासरी परतावा आणि स्पॉट रेट यांतलं अंतर तीन वर्षांना 0.08 टक्क्याचं, म्हणजे किरकोळ, दिसतं. पण चढत्या रेषेवर मुदत लांबत जाते तसं ते वाढत जातं. दुसरी कसोटी रुपयाच्या किमतींची. त्या वर्षागणिक उतरत गेल्या पाहिजेत. पाच वर्षांनंतरचा रुपया चार वर्षांनंतरच्या रुपयापेक्षा महाग निघाला, तर मधल्या वर्षाचा फॉरवर्ड रेट शून्याखाली गेला असा त्याचा अर्थ. भारताच्या बाजारात तो बहुतेक वेळा गणितातल्या किंवा चुकीच्या भावाच्या गडबडीतून येतो.

पुढे मिळणाऱ्या पैशांचा कोणताही प्रस्ताव समोर आला, मग तो पुनर्विकासाचा कॉर्पस असो, स्वेच्छानिवृत्तीची रक्कम असो की विम्याचे हप्त्यांनी मिळणारे लाभ, आणि त्यासोबत आजचं मूल्य म्हणून एक आकडा दिला गेला, तर वाचकांनी तीन गोष्टी मागून घ्याव्यात: वर्षनिहाय रकमांचा तक्ता, प्रत्येक वर्षाला लावलेला दर, आणि तो दर कोणत्या तारखेच्या कोणत्या रोख्यांवरून घेतला ते. सगळ्या वर्षांसमोर एकच दर असेल, तर त्या दिवशीची यील्ड कर्व्ह सपाट होती का, हे विचारावं. ती सपाट नसेल तर तो आकडा नव्याने काढून मागावा आणि मगच सही करावी.